शाळा जांभ्याची, आरसीसीची की लोखंडी? एम्बॉडीड कार्बनचा हिशोब मांडून बघूया

शाळेची नवी इमारत मंजूर झाली की हल्ली एक प्रश्न हमखास येतो, की यातला कमी कार्बनवाला पर्याय कुठला. आणि उत्तर पण लगेच मिळतं, कोणी म्हणतं लोखंडी सांगाडा घ्या कारण लोखंड परत वितळवता येतं, कोणी म्हणतं दगड घ्या कारण तो नैसर्गिक आहे, आणि इंजिनियर म्हणतो आरसीसी घ्या कारण आम्हाला तेच जमतं. तिघांपैकी कोणीच आकडा मांडलेला नसतो. म्हणून मी इथे एक उदाहरण घेऊन पूर्ण हिशोब करतो, कुठला आकडा कुठून आला ते सांगतो, आणि तो कुठे ढिला आहे तेही सांगतो, कारण माझ्या मते या विषयात उत्तरापेक्षा ढिलेपणा कुठे आहे हे कळणं जास्त कामाचं आहे.

आधी शब्द. शाळेत पंखे-दिवे लागतात त्या विजेचा कार्बन वेगळा. एम्बॉडीड कार्बन म्हणजे सिमेंट भाजताना, सळई बनवताना, विटा भाजताना, ते सगळं ट्रकने आणताना आणि बांधताना जो हवेत गेला तो, म्हणजे पहिली घंटा वाजायच्या आधीच खर्च झालेला. शाळेत एसी नसतो, वर्ग दिवसाउजेडी भरतात, वीजबिल किरकोळ असतं, त्यामुळे शाळेच्या बाबतीत हा बांधकामातला वाटा फार मोठा ठरतो.

आता उदाहरण. रत्नागिरी जिल्ह्यात, किनाऱ्यापासून आत संगमेश्वरच्या बाजूला, एका ओळीत चार वर्ग आणि पुढे व्हरांडा अशी नेहमीची तळमजल्याची शाळा धरू. वर्ग ६ बाय साडेसात मीटरचा, व्हरांडा २.४ मीटरचा, एकूण जोतं साधारण २६७ चौरस मीटर. ही कुठली खरी शाळा नाही, मी मांडलेलं उदाहरण आहे, पण परिमाणं अशा इमारतीच्या अंदाजपत्रकात येतात तशीच आहेत. पर्याय तीन. पहिला, आरसीसी कॉलम-बीमचा सांगाडा आणि मध्ये भाजक्या विटांच्या नऊ इंची भिंती. दुसरा, जांभ्या चिऱ्याच्या चौदा इंची भारवाही भिंती, म्हणजे स्लॅबचं वजन भिंतच घेते, कॉलम फक्त व्हरांड्याला. तिसरा, लोखंडी सांगाडा, वर पत्रा, भिंती विटांच्याच.

हिशोबाची हद्द आखणं हे पहिलं काम, आणि गडबड पण इथेच जास्त होते. युरोपात ईएन १५९७८ नावाचं मानक आहे, त्यात इमारतीच्या आयुष्याचे टप्पे पाडलेत आणि आपल्याकडे हिशोब करणारे पण बहुतेक तेच वापरतात. ए१ ते ए३ म्हणजे खाणीपासून कारखान्याच्या गेटपर्यंत, ए४ म्हणजे गेटपासून साइटपर्यंतची वाहतूक, ए५ म्हणजे साइटवरचं काम आणि नासाडी. मग बी म्हणजे वापराच्या काळातली दुरुस्ती-बदली, सी म्हणजे पाडणं, आणि डी म्हणजे पाडल्यावर त्या मालाचा पुढे दुसऱ्या कोणाला होणारा फायदा. मी आधी ए१ ते ए३ मांडणार, मग ए४ घालून बघणार, आणि बी फक्त जिथे फरक पडतो तिथे. लादी, पायाखालचं साधं काँक्रीट, दारं-खिडक्या, रंग, संडास, कंपाउंड हे तिन्ही पर्यायांत जवळपास सारखं म्हणून बाहेर ठेवलंय, सेंटरिंगच्या फळ्या-प्लेटा पण बाहेर. म्हणजे खाली जे टन येतील ते पूर्ण शाळेचे नाहीत, फक्त पाया, सांगाडा, भिंती आणि छत यांचे आहेत. हे वाक्य रिपोर्टमध्ये नसेल तर दोन रिपोर्टांची तुलनाच करू नका, एकाने लादी धरलेली असते आणि दुसऱ्याने नाही.

हिशोब तसा साधा गुणाकार आहे, किती माल गुणिले त्या मालाचा किलोमागे कार्बन. पहिला आकडा अंदाजपत्रकातून येतो, दुसरा डेटाबेसमधून. भारतासाठी जागतिक बँक गटातल्या आयएफसीने २०१७ साली बांधकाम साहित्याचा एक डेटाबेस काढलाय, आणि जगभर वापरला जातो तो आयसीई नावाचा, ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात सुरू झालेला. दोन्ही उपयोगाचे आहेत, पण आकडा नुसता उचलून चिकटवू नये, तो कसा बनला ते एकदा हाताने तपासावं.

काँक्रीटचंच घ्या. एम२५ या प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे सात गोण्या आणि थोडं वर, म्हणजे ३६० किलो सिमेंट धरू. ओपीसी म्हणजे साधं पोर्टलँड सिमेंट किलोमागे साधारण ०.८५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त कोळशाचा नसतोच, चुनखडी भाजताना ती स्वतःच सोडते, त्यामुळे भट्टी कितीही सुधारली तरी तो भाग जात नाही. पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, त्यात १५ ते ३५ टक्के राख मिसळायला आपल्या मानकाची परवानगी आहे, तेवढा क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारा सिमेंटचा मूळ माल, कमी, म्हणून मी पीपीसीला ०.६ धरतो. ३६० गुणिले ०.६ म्हणजे २१६, खडी-वाळूचे आणि मिक्सरचे थोडे, म्हणून घनमीटरमागे २४० किलो. हेच ओपीसीने केलं तर ३३० च्या आसपास जातं. म्हणजे कागदावर दोन्ही एम२५च, पण गोणीवर काय छापलंय त्यावर पाव ते तिसरा हिस्सा हलतो, आणि अंदाजपत्रकात बऱ्याचदा नुसतं 'सिमेंट' एवढंच लिहिलेलं असतं.

सळईला मी किलोमागे २.५ धरलेत. जगाची सरासरी दोनच्या आत आहे, पण आपल्याकडे कोळशावर बनलेलं स्पंज आयर्न बरंच वापरतात आणि वीज पण कोळशाचीच, म्हणून देशाची सरासरी अडीचच्या आसपास आहे. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या केली तिची वरची मर्यादाच टनामागे २.२ टन आहे, यावरून कल्पना येईल. ब्रिटनच्या डेटाबेसमधला आकडा इथे लावला तर लोखंडाचा पर्याय उगाच चांगला दिसतो, ही चूक मी बऱ्याच प्रेझेंटेशनमध्ये बघितलीय.

विटांचा आकडा तर भट्टीवर जाऊनच कळतो. गावठी भट्टी म्हणजे विटा रचून आत कोळसा-भुसा भरून पेटवलेली रास, तिला किलोमागे अडीच मेगाज्यूल तरी उष्णता लागते. झिगझॅग भट्टीत तेच एक-सव्वा मेगाज्यूलमध्ये होतं, कारण गरम हवा नागमोडी फिरून पुढच्या विटा तापवत जाते. कोळशाच्या प्रत्येक मेगाज्यूलला साधारण ९५ ग्रॅम. म्हणजे तीन किलोची वीट गावठी भट्टीत ०.७ किलो आणि झिगझॅगमध्ये ०.३ किलो. वीट दिसायला तीच, हातात वाजवून बघितली तरी तीच. मी गावठी धरली, कारण इथे येणाऱ्या विटा बहुतेक तशाच.

चिऱ्याला तर खात्रीचा आकडा कुठेच नाही. ब्रिटनच्या डेटाबेसमधला दगड वेगळा, तो कापायची पद्धत वेगळी. इथे सरळ खाणीवर विचारायचं, दिवसाला डिझेल किती आणि चिरे किती. समजा ६० लिटरमध्ये ६०० चिरे निघाले, तर चिऱ्यामागे ०.१ लिटर, म्हणजे ०.२७ किलो कार्बन, चिरा तीसेक किलोचा, म्हणजे किलोमागे ०.०१ पण नाही. पण तुटफूट फार होते, कोपरा उडाला की चिरा बाद, आणि वरची माती काढायला जेसीबी लागतो तो वेगळाच, म्हणून मी दुपटीने ०.०२ धरलाय. हा माझा अंदाज आहे, मोजलेला आकडा नाही, आणि या पूर्ण हिशोबातला हाच सगळ्यात कच्चा आकडा.

आता मांडू. आरसीसी पर्यायात काँक्रीट ९५ घनमीटर, त्याचे २३ टन. सळई ९.६ टन, तिचे २४ टन. विटा २३ हजार, त्यांचे १६ टन. मसाला आणि गिलावा, अडीच टन. एकूण साधारण ६५ टन.

जांभ्याच्या पर्यायात काँक्रीट ६३ घनमीटरवर येतं कारण भिंतीखाली कॉलम-फुटिंग नाही, ते १५ टन. सळई ५.७ टन, तिचे १४ टन. चिरा पाया धरून तब्बल ३४० टन वजनाचा लागतो, पण त्याचा कार्बन ७ टनच. मसाला जास्त लागतो, ५ टन. एकूण ४१.

लोखंडी सांगाड्यात सेक्शन, पत्र्याखालच्या आडव्या पर्लिन आणि पत्रा मिळून ९ टन लोखंड, त्याचे २३-२४ टन. पाया आणि जोत्याच्या बीमचं काँक्रीट आणि सळई मिळून ११-१२ टन. विटा आणि मसाला आरसीसीइतकेच, साडेअठरा. पत्र्याखाली इन्सुलेशन आणि फॉल्स सीलिंग घालावंच लागतं नाहीतर कोकणच्या पावसात बाईंचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पण जात नाही, त्याचे तीनेक टन. एकूण ५७.

म्हणजे ६५, ४१ आणि ५७. बहुतेक रिपोर्ट इथे थांबतात, एक बार चार्ट काढतात आणि संपलं. पण तीन पर्याय खरंच एकाच कामाचे आहेत का हे अजून बघितलंच नाही.

लोखंडी शाळेवर मजला चढत नाही, आरसीसीवर चढतो, तो पण पाया आणि कॉलम तेवढ्या वजनाचे धरले असतील तरच. खूप ठिकाणी ग्रामस्थांची मागणीच असते की पुढे वर दोन वर्ग घेता आले पाहिजेत, आणि मग पाया जाड होतो, आणि त्या न बांधलेल्या मजल्याचा कार्बन आजच खर्च होतो. पटसंख्या वाढणार असेल तर ठीक, पण पट वर्षानुवर्षं घसरत असताना हे करणं मला चुकीचं वाटतं, आणि निदान हिशोबात तरी ते वेगळ्या ओळीत दाखवलंच पाहिजे. दुसरं म्हणजे आयुष्य. ब्रिटनमधल्या आरआयसीएस या सर्व्हेयरांच्या संस्थेच्या पद्धतीत ६० वर्षं धरतात. कोकणच्या दमट हवेत पत्रा ६० वर्षं टिकत नाही, वीस-पंचवीस वर्षांनी बदलावा लागतो, म्हणजे दोनदा. दीड टन पत्रा, किलोमागे अडीच-पावणेतीन, दोनदा, झाले ८ टन. ५७ चे ६५ झाले, म्हणजे आरसीसीच्या बरोबरीला आले. याच्या उलट लोखंडवाले टप्पा डी दाखवतात, की पाडल्यावर हे लोखंड भंगारात जाऊन नवं लोखंड वाचेल. ते खरं आहे, पण तो फायदा साठ वर्षांनी, दुसऱ्या कोणाच्या इमारतीत होणार, म्हणून मानकात तो वेगळा दाखवायला सांगितलाय, आजच्या बेरजेतून वजा करायचा नसतो. कुठल्या रिपोर्टमध्ये लोखंडाचा आकडा फारच लहान दिसला तर आधी हीच वजाबाकी शोधा.

आणि सगळ्याच्या आधी सुरक्षितता. संगमेश्वर-चिपळूण पट्टा कोयनेपासून लांब नाही, डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप इथल्या जुन्या लोकांना चांगला आठवतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत ज्या जाड दगडी भिंती पडल्या त्या मातीत रचलेल्या होत्या, त्यांना बांधून ठेवणारं काही नव्हतं. म्हणून दुसऱ्या पर्यायात जोत्याला, लिंटेलला आणि छताखाली असे आरसीसीचे पट्टे सगळ्या भिंतींवरून सलग फिरवलेत आणि कोपऱ्यांत उभ्या सळया घेतल्यात, हे सगळं वरच्या ६३ घनमीटरमध्ये आणि ५.७ टनात धरलेलं आहे. पट्टे काढून टाकले तर आणखी काही टन वाचतील, पण मग ती शाळा नाही, धोका आहे. पट्टे न धरता भारवाही भिंतीचा आकडा कोणी देत असेल तर ती तुलनाच ग्राह्य धरू नका.

आता वाहतूक. ३४० टन चिरा ऐकून वाटतं की डिझेलमध्येच सगळं जाईल. ट्रक रिकामा परत जातो ते धरून टनाला किलोमीटरमागे ०.१५ किलो घेऊ. चिरेखाण २५ किलोमीटरवर असेल तर सव्वा टन कार्बन. विटा घाटावरून १२० किलोमीटर आणल्या तर ६९ टन विटांना पण सव्वा टनच. गंमत म्हणजे सारखेच, म्हणून कोकणात ए४ घातल्याने निकाल बदलत नाही. पण हीच शाळा लातूर-सोलापूरकडे न्या. तिथे कोणी कौतुकाने ३०० किलोमीटरवरून जांभा आणला तर नुसत्या वाहतुकीचे १५ टन होतात, ४१ चे ५६. आणि तिथे जवळच्या झिगझॅग भट्टीची वीट मिळाली तर आरसीसीचा ६५ उतरून ५६ होतो. झाले दोघं बरोबरीत. म्हणजे 'जांभा कमी कार्बनचा' हे वाक्य अर्धंच आहे, जांभा जिथे पायाखाली आहे तिथे तो कमी कार्बनचा.

मग प्रश्न येतो की एवढे आकडे ढिले असताना ६५ आणि ४१ वर विश्वास किती ठेवायचा. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी जी लोकांच्या नजरेतून सुटते. सळईचा आकडा २.५ ऐवजी २ निघाला तर ६५ चा ६० होईल, पण ४१ चा पण ३८ होईल, कारण सळई दोन्हीकडे एकाच दुकानातून येणार. फरक आधी २४ टन होता, आता २२. म्हणजे एकेका बेरजेपेक्षा दोन बेरजांतला फरक जास्त भरवशाचा असतो. चुकीचा आकडा फक्त एकाच बाजूला असेल तेव्हा खरी भीती, आणि इथे तसे दोनच आहेत, वीट आणि चिरा. म्हणून त्या दोघांना मुद्दाम उलट्या दिशेने ताणून बघायचं. वीट झिगझॅगची धरली, आरसीसी ५६. चिऱ्याचा आकडा चौपट केला, म्हणजे ०.०८, जांभा ६१. बघा, क्रम उलटला. पण ०.०८ यायला एका चिऱ्यामागे जवळपास एक लिटर डिझेल जाळावं लागेल, आणि तेवढं डिझेल जळत असेल तर चिरा आजच्या भावात विकणंच शक्य नाही. दुप्पट, म्हणजे ०.०४ पर्यंत नेलं तरी जांभा ४८ वर थांबतो, अजून खालीच. म्हणून कोकणातल्या या शाळेपुरतं मी ठामपणे म्हणतो की जांभा खाली आहे. लोखंडी आणि आरसीसीमध्ये मात्र मी कोणाला पहिला म्हणणार नाही, त्यांच्यातला फरक आकड्यांच्या ढिलेपणातच बुडून जातो.

ज्या गोष्टी या हिशोबात मावतच नाहीत त्यातली एक मला मनापासून सतावते. जांभा निघतो तो सड्यावरून, म्हणजे कोकणातल्या कातळी पठारावरून, आणि सडा म्हणजे ओसाड जमीन नव्हे. पावसाळ्यात तिथे फुलं येतात, पाणी मुरतं, आणि रत्नागिरीच्या सड्यांवर तर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत, जी युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीत. चिरेखाण सुरू झाली की सडा परत येत नाही. कार्बनच्या रकान्यात याचा आकडा शून्य आहे. म्हणून रिपोर्टमध्ये ४१ टनांच्या खाली चिरा कुठल्या खाणीचा, परवाना आहे का, आजूबाजूला कातळशिल्प आहे का हे लिहिलेलं असलंच पाहिजे, आणि जुन्या पाडलेल्या शाळेचे चिरे मिळाले तर आधी तेच घ्यावेत, त्यांना तर कापायचं डिझेल पण नाही.

बाकीच्या मर्यादा थोडक्यात. माल अंदाजपत्रकातला आहे, प्रत्यक्ष किती लागला ते काम झाल्यावर एमबीवरून, म्हणजे मोजमाप पुस्तकावरून, कळतं आणि तेव्हा हिशोब परत करायला हवा, सिमेंटच्या गोण्या मोजल्या तरी बरंच कळतं. नासाडी धरली नाही, ती पाचेक टक्के सगळीकडेच वाढेल. गावठी भट्टीत भुसा किती आणि कोळसा किती हे दर भट्टीला वेगळं. काँक्रीट वर्षानुवर्षं हवेतला थोडा कार्बन परत शोषतं तेही सोडलंय.

शेवटी एक आकडा जो बेरजेत लपून राहतो. छताचा स्लॅब ३८ घनमीटरचा, त्यात तीन टन सळई, म्हणजे एकट्या स्लॅबचे जवळपास १७ टन, आणि तो आरसीसीतही तेवढाच, जांभ्यातही तेवढाच. जांभ्याच्या शाळेत तर ४१ मधले १७, म्हणजे चाळीस टक्के छतातच. भिंतीवर एवढी चर्चा होते आणि स्लॅबकडे कोणी बघत नाही. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात वापरलेला फिलर स्लॅब, म्हणजे स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीट ताण घेतच नाही, तिथे कौलं घालायची, हा चार वर्गांच्या छताला सहज लागू पडतो. कौल घालून काँक्रीट पाचवा हिस्सा जरी कमी झालं तरी त्याचे दोन टन जातात, वजन उतरलं म्हणून सळईतले थोडे आणखी जातात, आणि खालून कौलांची लाल नक्षी वर्गात दिसते ती वेगळीच. फक्त सळई बांधून झाल्यावर, काँक्रीट ओतायच्या आधी, इंजिनियरने स्वतः वर चढून प्रत्येक कौलाच्या चारी बाजूंनी सळईला काँक्रीटचं पुरेसं कव्हर मिळेल का ते बघायचं, कारण ओतल्यानंतर ते कोणालाच दिसत नाही.